बाजू दाबताना

रमजानचा शेवटचा आशरा लागला की पाथरीतले टेलर नवीन कापड घेणं बंद करतात. मग उरतात ते रेडिमेड ड्रेस. कुणी परभणीहून आणतं, कुणी मानवतहून, कुणी आपल्याच बाजारातून. ड्रेस घरी येतो, आरशासमोर घालून बघितला जातो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाजू में से जरा दबा लेव, बस." म्हणजे बाजू दाबून घ्या, झालं.

हे "जरा दाबणं" बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत होतं. ड्रेस उलटा करायचा आणि काखेपासून चाकापर्यंत, म्हणजे बाजूची चीर सुरू होते तिथपर्यंत, सरळ एक टीप मारायची. ड्रेस घट्ट होतो हे खरं. पण हात वर केला की काखेत आडव्या चुण्या पडतात, कमरेजवळ शिवण गोळा होते आणि चीर जिथे सुरू होते तिथे कापडाचा छोटा फुगा उभा राहतो. ग्राहक म्हणतो रेडिमेडचं कापडच खराब. कापड खराब नसतं. ड्रेसची बाजू ही एकटी शिवण नसते. तिला वर बाही जोडलेली असते, मधे टक्स येऊन मिळालेले असतात आणि खाली चीर असते. एका ठिकाणी ओढलं की या तिघांनाही ओढ बसते.

मुळात ड्रेस एवढा सैल निघतोच का? रेडिमेड ड्रेस एका मापावर बेतला जातो आणि बाकीची मापं त्यावरून वाढवत नेली जातात. साधारणपणे एक साइज म्हणजे घेरात दोन इंच. एल चाळीस असेल तर एक्सएल बेचाळीस. खांदा, छाती, कंबर, टक्समधलं अंतर, सगळं एका हिशेबाने वाढतं. बाईचं शरीर मात्र त्या हिशेबाने वाढत नाही. आपल्याकडच्या माणसांची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असं ठरलं. त्या शहरांत मुंबई आहे, हैदराबाद आहे. ते दुकानातल्या साइजपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर खांद्याला बरोबर बसणारा ड्रेस घ्यायचा आणि बाजू दाबायची, हाच आपला मार्ग. हा क्रम बरोबरही आहे, कारण बाजू दाबता येते. तयार ड्रेसचा खांदा दुरुस्त करायला बाही काढावी लागते, आणि ते काम ड्रेस नव्याने शिवण्याइतकंच असतं.

मी घरी थोडंफार शिवणकाम करते. गल्लीतल्या एका खालाचा ड्रेस माझ्याकडे आला, त्याचं काम इथे सविस्तर सांगते, कारण त्यात एक जास्तीची अट होती. खालांनी हा ड्रेस लेकीच्या निकाहसाठी आधीच घेऊन ठेवला होता. मरून रंगाचा सुती, गळ्यावर दोऱ्याचं काम, एक्सएल. त्यानंतर त्यांना टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली होती, ताप गेला होता, पण अंगावरचं मांस उतरलं होतं. निकाह पंधरा दिवसांवर आला तेव्हा ड्रेस घातला तर तो खुंटीला अडकवल्यासारखा दिसला. नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. त्यांना तोच घालायचा होता आणि मांडवातल्या बायकांनी "किती उतरलीस गं" म्हणायला नको होतं. अट ही, की आतलं कापड कापायचं नाही. "काटना नक्को बेटा," त्या म्हणाल्या. "वजन वापस आएगा. डॉक्टरनी बोल्या है."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला मराठीत माया म्हणतात. रेडिमेडमध्ये ही माया फार थोडी असते, तीन सूत, म्हणजे पाऊण इंचाच्याही निम्मी. (आठ सूत म्हणजे एक इंच.) कारखान्यात कापड वाचवायचं असतं. त्यामुळे रेडिमेड ड्रेस वाढवता जवळजवळ येत नाही, फक्त दाबता येतो. आणि दाबताना एकदा कापड कापून टाकलं की तो रस्ताही कायमचा बंद. खालांचं म्हणणं म्हणूनच व्यवहाराचं होतं. पण न कापता दाबायचं म्हणजे आत रुंद माया राहणार, आणि रुंद माया कमरेच्या वळणावर सपाट बसत नाही. खरी अडचण ही होती.

आधी मापं. ड्रेस जमिनीवर पसरून मोजला तर छातीचा घेर बेचाळीस इंच, कमरेचा अडतीस. खालांच्या अंगाची छाती आता छत्तीस, कंबर एकतीस. सुती ड्रेसला अंगापेक्षा तीन इंच तरी सैल ठेवावं लागतं. आपल्याकडे बायकांना अंगाला चिकटलेला ड्रेस चालत नाही आणि चालला तरी त्यात नमाज पढता येत नाही. म्हणून छाती एकोणचाळीस आणि कंबर चौतीस करायची ठरवली. छातीला तीन इंच कमी, कमरेला चार इंच कमी. चिरीच्या वरच्या टोकाला घेर चव्वेचाळीस होता, तो तसाच ठेवला. तिथे चीर उघडते, त्यामुळे सैलपणा दिसत नाही.

आता हे इंच वाटायचे. ड्रेसला दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला दोन पदर, पुढचा आणि मागचा. एकूण चार. छातीचे तीन इंच भागिले चार म्हणजे प्रत्येक पदरात पाऊण इंच. टीप मारायची ती जुन्या शिवणीपासून पाऊण इंच आत. इथे घाईत लोक दीड इंचावर खूण करतात आणि ड्रेस तीनऐवजी सहा इंच लहान होतो. कमरेचे चार इंच त्याच हिशेबाने बाजूंतूनच काढले असते तर कमरेला एक इंच आत जावं लागलं असतं. छातीला पाऊण, कमरेला एक. फरक पाव इंचाचाच, पण त्यामुळे नवी शिवण जुन्या शिवणीपेक्षा जास्त वाकडी होते. कमरेला शिवण आतल्या बाजूला वळते. तिची माया मागच्या पदरावर पाडली की मायेच्या कडेला पसरायला जास्त लांबी लागते. ती लांबी तिच्याकडे नसते, म्हणून कड ताणते आणि शिवण वर गोळा होते. शिवणारे तिथे मायेला कात्रीने छोटे काप देतात. पण रेडिमेडच्या कडेला ओव्हरलॉक असतं. काप दिला की ओव्हरलॉक तुटतं आणि चार धुण्यांत कापड सुटायला लागतं.

म्हणून मी बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत जुन्या शिवणीला समांतर ठेवली, सगळीकडे पाऊण इंच. कमरेचे तीन इंच तिथून निघाले. राहिलेला एक इंच टक्समधून काढला. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म एवढंच आहे: बाजूने छाती दुरुस्त करायची, कमरेचं जास्तीचं टक्समध्ये जिरवायचं.

खालांच्या ड्रेसला दोन प्रकारचे टक्स होते. कमरेचे उभे चार, दोन पुढे आणि दोन मागे, दोन्ही टोकांना निमुळते आणि मधे फुगीर. आणि बाजूच्या शिवणीतून छातीकडे जाणारे आडवे दोन. उभ्या टक्सचं काम सोपं. प्रत्येक टक कमरेच्या रेषेवर पाऊण इंच कापड खात होता, तो मी एक इंच केला. म्हणजे घडीवर फक्त एक सूत जास्त. चार टक्समधून चार वेळा पाव इंच, झाला एक इंच. टोकं मात्र होती तिथेच ठेवायची. कमरेवर एक सूत आणि तिथून वर-खाली जाताना हळूहळू जुन्या टिपेत मिसळायचं. टोकाला मशीन उलट फिरवून टीप पक्की करू नये, तिथे गाठ जाड होऊन बाहेरून टोचल्यासारखी दिसते. दोरे लांब सोडून हाताने गाठ मारावी. जुनी टीप घडीच्या आतच राहते, ती उसवायची गरज नाही. पुढे टक सैल करायचा झाला तर फक्त नवी टीप काढायची.

आडव्या टक्सकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण बाजू दाबली की ते तोंडाकडून आखूड होतात. खालांच्या ड्रेसचा आडवा टक शिवणीपासून चार इंच लांब होता, नवी शिवण पाऊण इंच आत आल्यावर सव्वातीन इंच दिसायला लागला. त्याचं टोक हललं नाही, त्यामुळे छातीवरचा बसाव बिघडला नाही. पण दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. एक, डावा आणि उजवा टक काखेपासून सारख्याच अंतरावर आहेत का. रेडिमेडमध्ये पाव इंचाचा फरक सहज निघतो. सैल ड्रेसमध्ये तो दिसत नाही, दाबल्यावर दिसतो. फरक असेल तर एका बाजूचा टक उसवून बरोबर करायचा आणि मगच बाजूला हात लावायचा. दुसरी, दोन्ही टक्सची घडी खालच्या बाजूला पडलेली हवी. एक वर आणि एक खाली असेल तर नवी शिवण एकीकडे जाड लागते. शिवताना टकच्या जागी पुढचा पदर मागच्यापेक्षा किंचित सैल वाटतो. तो सैलपणा पायाखालून पुढे ढकलत नेला तर सगळा कमरेत जमा होतो. म्हणून टकच्या वर एक, टकवर एक आणि खाली एक अशा टाचण्या लावून तो जागच्या जागी बसवायचा.

इथे मर्यादाही सांगायला हवी. बाजू दाबल्याने उभे टक्स मध्यापासून हलत नाहीत, पण बाजूची शिवण त्यांच्या जवळ येते. खालांच्या ड्रेसमध्ये टक मध्यापासून चार इंचांवर होता आणि बाजू त्याच्यापुढे साडेसहा इंचांवर. दाबल्यावर ती पावणेसहावर आली. त्या मापाच्या ड्रेसमध्ये टक एक-दोन सूत आत असता, एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. पण तीन साइज मोठा ड्रेस आणला आणि सगळं बाजूंतून काढलं तर टक्स काखेकडे सरकल्यासारखे दिसतात, पुढचा भाग रुंद आणि सपाट वाटतो. माझा नियम असा आहे की एका पदरातून पाऊण इंचापेक्षा जास्त घ्यावं लागत असेल तर टक्स उसवून नव्याने घालायची तयारी ठेवावी, नाहीतर दुकानात जाऊन ड्रेस बदलून आणावा.

आता शिवणीची कड. खालांच्या ड्रेसची बाजू पाच दोऱ्यांच्या मशीनवर शिवलेली होती. आतून बघितलं की ओळखू येतं: कडेला तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक आणि त्याच्या आत वेगळी एक साखळी टीप. ही साखळी टीप एका बाजूने मजबूत असते, पण शिवण संपलेल्या टोकाकडून दोरा सापडला तर लांबच्या लांब सुटत जाते. म्हणून ती मधेच तोडून तशीच सोडायची नसते. मी आधी नवी टीप मारली, साध्या मशीनची, अडीच मिलिमीटरच्या टाक्याची. ती दोन्ही टोकांना पक्की केली आणि मग जुनी साखळी टीप काखेपासून चिरीच्या दोन इंच वरपर्यंत काढून टाकली. तिथे उरलेल्या दोऱ्याला गाठ मारली. साखळी राहिली असती तर तिने मायेला ताठ धरून ठेवलं असतं. ती गेल्यावर कडेला फक्त ओव्हरलॉक उरलं, आणि ओव्हरलॉकला थोडी लवचीकता असते. माया आता पाऊण इंच अधिक तीन सूत, म्हणजे एक इंच आणि एक सूत झाली. ती मागच्या पदरावर पाडून ओल्या कापडावरून इस्त्री केली. कमरेच्या वळणावर कड बोटांनी हलकेच ताणत इस्त्री दाबली. सुती कापड एवढं ऐकतं. सिंथेटिक ऐकत नाही. तिथे माया अर्ध्या इंचावर कापून पुन्हा ओव्हरलॉक मारून घेणंच बरं, पिको-फॉलच्या दुकानात ते होतं.

वरच्या टोकाला काख. शिवण काखेतच संपवली तर ड्रेसचा मुंढा लहान होतो आणि बाही तेवढीच राहते, मग दोघांचं जमत नाही. म्हणून टीप बाहीतून सुरू केली, बाहीच्या मधल्या भागात शून्यापासून आणि काखेपर्यंत येता येता पाऊण इंच आत. काखेत चार शिवणी एकमेकींना मिळतात. त्या एकावर एक नेमक्या बसवून टाचणी लावायची आणि त्या जागी मशीन पायाने न चालवता चाक हाताने फिरवून सुई पार करायची. नवी काख जुनीपेक्षा किंचित वर येते. आधीच मुंढा घट्ट असलेल्या ड्रेसला हे चालत नाही. तिथे काखेत शून्य ठेवून दोन-तीन इंच खाली उतरल्यावरच आत जावं.

खालच्या टोकाला चीर. कमरेपासून चिरीच्या दिशेने पाऊण इंच कमी करत जायचं आणि चिरीच्या दोन इंच वरच जुन्या शिवणीला मिळायचं. मग ते दोन इंच जुन्या शिवणीवरूनच टीप न्यायची. थेट चिरीच्या टोकाला कोन करून मिळालं तर तिथे तो फुगा येतो, ज्याचा उल्लेख मी वर केला.

पक्की टीप मारण्याआधी हे सगळं एकदा लांब टाक्याने कच्चं शिवून अंगावर बघितलं. ड्रेस सुलटा घालायला लावला. उलटा घालून टाचण्या लावल्या की डावी बाजू उजवीला जाते, आणि खालांचा उजवा खांदा जरा उतरलेला आहे. तरीही मी दोन्ही बाजू सारख्याच दाबल्या, कारण गळ्यावर काम होतं. एका बाजूला जास्त घेतलं असतं तर गळ्याची नक्षी मध्यावरून सरकली असती. खांद्याचा फरक ओढणी झाकते, गळ्याचा नाही.

ड्रेस बरोबर बसला का हे बघायला माझ्याकडे अम्मीची एक रीत आहे. आरशासमोर उभं करत नाही, नमाजच्या हालचाली करायला सांगते. तकबीरसाठी हात खांद्यापर्यंत उचलले तेव्हा काखेत ओढ बसली नाही. रुकूत वाकल्या तेव्हा पाठ ताणली नाही आणि मागच्या टक्सची टीप चरचरली नाही. सजद्यातून उठून बसल्या तेव्हा चीर दोन्ही मांड्यांवर सारखी पडली. ती पुढे सरकली असती तर पुढचा आणि मागचा पदर सारखा घेतलेला नाही असं कळलं असतं. मग ब्लेड काढण्याऐवजी मी पक्का दोरा ओवला.

काम दोन तासांचं झालं. पाच मिनिटांच्या कामाला आमच्याकडे जे पैसे देतात तेवढेच खाला देऊ लागल्या, मी लेकीच्या निकाहचं म्हणून घेतले नाहीत. मांडवात ड्रेस अंगाबरोबर दिसला. एका बाईने विचारलं, कुठून शिवून घेतला. खाला म्हणाल्या, "रेडिमेड है."

औषधं संपून बरेच महिने झाल्यावर खाला तोच ड्रेस घेऊन आल्या. छातीला घट्ट होत होता. मी बाजूला पाव इंच बाहेर नवी टीप मारली आणि आतली टीप काढली. चार पदरांतून एक इंच सैल झाला. जुन्या टिपेची भोकं ओल्या कापडाच्या इस्त्रीने बुजली. सॅटिन किंवा रेशमी कापड असतं तर ती राहिली असती. टक्सची टीप तशीच ठेवली, कमरेला अजून जागा होती. आत अजून अर्धा इंच माया शिल्लक आहे. खालांनी ती चिमटीत धरून मोजली आणि म्हणाल्या, "इतना और भरना है मेरे को."